जुन्या फोटोचं ठिकाण सांगणारं ॲप घाट दिसला की काशीच का म्हणतं?

जास्वंद

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयाला पुढच्या वर्षी ७५ वर्षं पूर्ण होताहेत आणि स्मरणिकेतल्या फोटोंचं काम माझ्याकडे आलंय. जुन्या सभासदांच्या घरून फोटोंचे गठ्ठे आलेत. बहुतेकांच्या मागे काही लिहिलेलं नाही, आणि ज्यांना सांगता आलं असतं ती माणसं आता राहिली नाहीत.

म्हणून फोटो टाकला की ठिकाण सांगणारं एक ॲप वापरतेय. काही ठिकाणं त्याने बरोबर सांगितली, पण या तीन फोटोंवर माझा विश्वास बसत नाही.

पहिला: नदीकाठचा दगडी घाट, पायऱ्यांवर कोट-धोतर-टोपीतले सभासद, मागे देऊळ. मागे शिक्का १९५८ चा, एवढंच. ॲप म्हणतं वाराणसी, ८७ टक्के खात्री.

दुसरा: नवीन लग्न झालेलं जोडपं, मागे ताजमहाल. ॲप म्हणतं आग्रा, ९८ टक्के. घरचे म्हणतात, आजी-आजोबा मुंबईच्या पुढे कधी गेलेच नाहीत.

तिसरा: वाचनालयाने १९८३ साली छापलेल्या दिनदर्शिकेवरचा. हिरवी टेकडी, तळं, उतरत्या छपराची घरं. खाली छापलंय 'महाबळेश्वरचे निसर्गसौंदर्य'. ॲप म्हणतं स्वित्झर्लंड.

हे टक्के कशाचे असतात? त्यांच्या भरवशावर फोटोखाली गावाचं नाव छापायचं का? स्मरणिका एकदा छापली की पुढचे लोक तिलाच पुरावा धरतील, म्हणून विचारतेय.

टपालपेटी

ताई, सोपं आहे. फोटोच्या फाइलमध्ये एक्झिफ नावाची माहिती असते, तिच्यात अक्षांश-रेखांश असतात. ॲप तेच वाचतं. तुम्ही फोटो व्हॉट्सॲपवरून मागवले असतील तर ती माहिती गळून पडते, म्हणून चुका होताहेत. ज्यांचे फोटो आहेत त्यांना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, ठिकाण बरोबर येईल.

बोरीबंदर

@टपालपेटी, १९५८ च्या कॅमेऱ्यात जीपीएस होतं? 🙂

ताई, दुसऱ्या फोटोत जोडप्याच्या पायाखाली बघा. ताजमहालासमोर सतरंजी अंथरलेली दिसली तर आग्र्याचं तिकीट रद्द.

जास्वंद

@बोरीबंदर, सतरंजीच आहे! आणि आता नीट पाहिलं तर ताजच्या तळाशी एक आडवी वळकटी दिसते, पडदा जमिनीवर टेकतो तशी. नवऱ्याची सावली मागच्या आभाळावर पडलीय.

@टपालपेटी, हे सगळे कागदी फोटो आहेत, मी घरी स्कॅन केले. फाइलमध्ये असलीच तर स्कॅनरची माहिती असेल.

यंत्रमागे

चित्रं ओळखणाऱ्या प्रणालींवर मी बरीच वर्षं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टपालपेटींचं म्हणणं मोबाइलवर काढलेल्या फोटोंना लागू आहे. तिथे अक्षांश-रेखांश शाबूत असतील तर ओळखायचं काही उरतच नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ती माहिती निघून जाते, हेही खरं. पण जास्वंद यांचं ॲप ज्या जातीचं आहे ते फक्त चित्रातल्या ठिपक्यांकडे बघून अंदाज करतं.

कसं, ते एका जुन्या उदाहरणावरून सांगतो. गूगलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्लॅनेट नावाची प्रणाली मांडली. त्यांनी पृथ्वीचे सव्वीस हजारांहून थोडे जास्त तुकडे पाडले. जिथून फोटो भरपूर मिळाले तिथे तुकडे लहान, म्हणजे मोठ्या शहरात कितीतरी. जिथून फोटो कमी तिथे एकेक तुकडा जिल्ह्याएवढा किंवा त्याहून मोठा. मग इंटरनेटवरचे ठिकाण नोंदलेले सुमारे ९ कोटी फोटो दाखवून तिला शिकवलं की असं चित्र आलं तर ते कुठल्या तुकड्यातलं असण्याचा संभव जास्त. म्हणजे 'हे कुठलं' हा प्रश्न तिने 'यासारखे फोटो लोक सर्वांत जास्त कुठून टाकतात' या प्रश्नात बदलून घेतला. आजच्या प्रणाली बऱ्याच सुधारल्या आहेत, पण हा पाया बहुतेकांत शिल्लक आहे.

आता घाटाचं बघा. दगडी पायऱ्या, पाणी, देऊळ आणि धोतरातली माणसं असलेले जगभरातले फोटो गोळा केले तर काशीचे किती निघतील आणि कृष्णेकाठच्या एखाद्या गावाचे किती? प्रणालीने घाट ओळखला. पुढे काशी म्हटलं ते गर्दीच्या जोरावर.

टक्क्यांबद्दल. सगळ्या तुकड्यांना मिळून शंभर टक्के वाटायचे असतात. 'यातलं कुठलंच नाही' किंवा 'हा पडदा आहे' असा रकाना सहसा नसतो, त्यामुळे ते शंभर टक्के कुठेतरी वाटावेच लागतात. पडद्यावरच्या ताजला ९८ टक्के मिळतात कारण ताजसारखं दुसरं काही तिच्या माहितीत जवळपास नाही. चित्र ताजचंच आहे हे तिने अचूक सांगितलं. कॅमेरा कुठे उभा होता, ते तिला विचारलंच गेलं नाही.

त्याच प्लॅनेटचे आकडे सांगतो, म्हणजे अपेक्षा किती ठेवायची ते कळेल. फ्लिकरवरच्या लाखो फोटोंवर चाचणी घेतली तेव्हा १ किलोमीटरच्या आत उत्तर आलं ३.६ टक्के वेळा, २५ किलोमीटरच्या आत सुमारे १० टक्के, देशाइतक्या अंतरात २८ टक्के. खंड बरोबर आला तो ४८ टक्के वेळा.

सुगरणमावशी

आमच्याकडेही हाच ताप आहे. सामान मागवलं की नकाशावर आमची बिल्डिंग मागच्या गल्लीत दाखवतात आणि मुलगा चौकात उभा राहून फोन करतो. यावर काही उपाय आहे का?

बोरीबंदर

मावशी, तो फोनच्या लोकेशनचा घोळ, इथे फोटोवरून ठिकाण ओळखायचं चाललंय. तरी सांगतो, पत्ता सेव्ह करताना नकाशावरची पिन बोटाने ओढून तुमच्या गेटवर ठेवा.

सुगरणमावशी

अस्सं होय. पिन ओढून बघते. धागा छान चाललाय, चालू द्या.

अजिंठाकर

दुसऱ्या फोटोतला पडदा ताजचाच आहे हे तरी कशावरून? आम्ही संभाजीनगरचे लोक यात फार दुखावलेले असतो. बीबी का मकबऱ्याचे आमचे फोटो घरबसल्या 'आग्रा' होऊन परत येतात. नातेवाइकांकडूनही आणि ॲपकडूनही.

ओळखायचं तर मिनारांकडे बघा. मकबऱ्याचे मिनार मुख्य इमारतीच्या मानाने थोराड वाटतात आणि मधली इमारत अरुंद, उभट दिसते. ताजमध्ये मधली इमारत ऐसपैस असते आणि मिनार तिला जागा देऊन उभे असतात. दुसरी गोष्ट, ताज संपूर्ण संगमरवराने मढवलेला. आमच्याकडे संगमरवर घुमटाला आणि भिंतींच्या खालच्या भागाला, मधला बराचसा भाग चुन्याच्या गिलाव्याचा. पावसाळ्यानंतर जवळून फोटो काढलात तर गिलाव्यावर काळपट ओघळ दिसतात. पण लांबून, उन्हात, मोबाइलवर लहान करून बघितलं की दोन्ही पांढरे घुमट आणि चार मिनार.

जास्वंद

@अजिंठाकर, चित्रकाराने मिनार चांगलेच जाडजूड काढलेत, पण त्याने ताडाची झाडं आणि हंससुद्धा काढलेत. त्यामुळे तो काय बघून काढत होता ते सांगता येत नाही. त्या फोटोखाली आता 'स्टुडिओतील छायाचित्र' एवढंच लिहीन.

रानवाटा

मी जिओगेसर, म्हणजे रस्त्याचं चित्र बघून जागा ओळखायचा खेळ, खेळतो त्यामुळे थोडं विरुद्ध मत मांडतो. यंत्रं इतकीही वाईट नाहीत. स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी २०२३ मध्ये केलेली पिजन नावाची प्रणाली गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूच्या, म्हणजे रस्त्यांवर गाडी फिरवून काढलेल्या, चित्रांवर ४० टक्क्यांहून जास्त वेळा २५ किलोमीटरच्या आत पोचत होती, आणि जगातल्या नावाजलेल्या खेळाडूला तिने हरवलं. २०१६ चे आकडे सांगून आजच्या ॲपला मोडीत काढणं बरोबर नाही.

यंत्रमागे

@रानवाटा, मुद्दा बरोबर आहे, म्हणूनच 'सुधारल्या आहेत' असं म्हटलं. पण ते ४० टक्के कुठल्या चित्रांवरचे ते बघा. स्ट्रीट व्ह्यूचा फोटो म्हणजे ठरलेल्या उंचीवरून, रस्त्याच्या मधून, दिवसाउजेडी, चारी दिशांनी काढलेला. त्यात विजेचे खांब, रस्त्यावरचे पट्टे, नंबरप्लेट, माती सगळं येतं. तुम्ही स्वतः खेळताना केनया कशावरून ओळखता?

रानवाटा

गाडीच्या कोपऱ्यात उभं नळकांडं दिसतं, स्नॉर्केल. आणि टपावर काळी चिकटपट्टी असली तर घाना.

यंत्रमागे

तेच म्हणतोय. ती खूण केनयाची नाही, केनयात फिरलेल्या एका गाडीची आहे. यंत्रही असल्या खुणा उचलतं आणि आपल्याला सांगत नाही. त्याच केनयात मी माझ्या कॅमेऱ्याने फोटो काढला तर ती खूण गेली.

शिवाय भारतात स्ट्रीट व्ह्यू रीतसर सुरू झालं जुलै २०२२ मध्ये, पहिल्यांदा दहा शहरांत. आपल्याकडची पुणे, मुंबई, नाशिक आणि अहमदनगर त्यात होती. त्या चित्रांवर शिकलेल्या यंत्राला भारतातला खेड्यातला रस्ता बराच काळ जवळपास परका होता. आणि १९५८ चा कुठलाच रस्ता त्याने पाहिलेला नाही.

कात्रणवही

मी वर्तमानपत्रात काम करते. इथे दोन निराळ्या गोष्टी एकत्र होताहेत असं वाटतं. फोटोसारखी जागा शोधणं एक, आणि तोच फोटो आधी कुठे छापला गेलाय ते शोधणं दुसरं. तिसऱ्या फोटोसाठी जास्वंद यांना दुसरं करायला हवं.

उदाहरण देते. २०१७ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात भारताच्या सीमेवर बसवलेल्या दिव्यांचा म्हणून एक फोटो छापला होता. रात्र, लांबच लांब कुंपण, पिवळ्या दिव्यांची ओळ. निघाला तो स्पेन आणि मोरोक्कोच्या सीमेवरचा, २००६ साली काढलेला. तो पकडला गेला तो उलट शोधाने, म्हणजे तेच चित्र इंटरनेटवर आधी कुठे होतं ते बघून. नुसत्या दिसण्यावरून ठिकाण ओळखायला सांगितलं असतं तर यंत्र काय करणार होतं? अंधारात कुंपण आणि दिवे जगात सगळीकडे सारखेच.

विकत किंवा फुकट मिळणाऱ्या देखाव्यांचं हेच होतं. ते चित्र इतक्या ठिकाणी, इतक्या नावांनी लागलेलं असतं की नंतर यंत्रही त्या खोट्या नावांवरच शिकतं.

न्यू जर्सीकर

कात्रणवहींच्या म्हणण्याला जोड. विंडोज एक्सपी उघडलं की दिसायची ती हिरवी टेकडी आणि निळं आभाळ आठवतंय? मी कैक वर्षं ते संगणकावर बनवलेलं चित्र समजत होतो. ते खरं आहे. चार्ल्स ओ'रिअर यांनी १९९६ साली कॅलिफोर्नियात सोनोमा भागातल्या रस्त्याकडेला फिल्मवर काढलेला फोटो.

मुलाकडे गेलो होतो तेव्हा मुद्दाम त्या रस्त्याने गेलो. टेकडीचा उतार तोच, पण ओळखू येत नाही, कारण तिच्यावर द्राक्षाच्या वेली आहेत. किडीमुळे त्या भागातल्या वेली काढून टाकल्या होत्या आणि नुसतं गवत उगवलं होतं, त्या मधल्या काळातला तो फोटो. जगात सर्वांत जास्त लोकांनी पाहिलेल्या फोटोंपैकी एक, पण आज तिथे उभं राहून तसा फोटो काढता येणार नाही. मग यंत्र कशाशी ताडून बघणार?

जास्वंद

@कात्रणवही, दिनदर्शिकेचं चित्र उलट शोधाला टाकलं. तेच चित्र कुठे मिळालं नाही, मिळतीजुळती ढीगभर मिळाली. तळ्यापलीकडे एक टोकदार मनोरा दिसतो, चर्चचा असावा.

कात्रणवही

मग ते महाबळेश्वर नाही एवढं मी खात्रीने म्हणेन. त्या काळी छापखान्यांकडे देखाव्यांचे तयार ब्लॉक असायचे. गिऱ्हाइकाने 'निसर्गाचं काहीतरी लावा' म्हटलं की तेच लागायचे, आणि खालची ओळ कोणीतरी गिऱ्हाइकाच्या आवडीने जुळवायचा. पण स्वित्झर्लंड म्हणायलाही मी धजणार नाही. ऑस्ट्रिया, दक्षिण जर्मनी, उत्तर इटली, सगळीकडे तळं-चर्च-टेकडी मिळेल. स्विस फोटो जास्त म्हणून स्वित्झर्लंड, यंत्रमागे म्हणाले तसंच.

कृष्णाकाठ

पहिल्या फोटोसाठी आलोय. मी वाईचा. जास्वंदताई, फोटो इथे टाकता येत नसेल तर चार गोष्टी सांगा:

समोरचा काठ दिसतो का, आणि त्यावर काय आहे?
मागे डोंगर आहे का?
पायऱ्या किती उंच चढत गेल्यात?
देवळाचं शिखर गुळगुळीत उभ्या रेघांचं आहे की कोनाड्यांचे थर एकावर एक आहेत?

कारण सांगतो. काशीचे सगळे घाट गंगेच्या पश्चिम काठावर आहेत. समोर पूर्वेला वाळूचं मोकळं पात्र, वस्ती नाही, आणि नदी एवढी रुंद की समोरचं माणूस ठिपक्याएवढं दिसतं. डोंगर नावालाही नाही. पावसाळ्यात गंगा खूप चढते म्हणून घाट उंचच उंच. आमच्याकडे कृष्णा अरुंद, समोरच्या काठावरची झाडं-घरं स्पष्ट दिसतात, आणि वाईत कुठेही उभे राहा, चहूकडे डोंगर. दगड काळा. काशीचा पिवळट, चुनारच्या खाणींचा.

जास्वंद

@कृष्णाकाठ, समोरच्या काठावर झाडी आहे आणि एक घर. नदी फार रुंद वाटत नाही. पायऱ्या एक मजलाभर असतील. शिखर गुळगुळीत दिसतंय. मागे डोंगर नाही, ढग आहेत. दगड फिकट तपकिरी आहे.

यंत्रमागे

थांबा. १९५८ चा फोटो आणि दगड तपकिरी? ताई, फोटो रंगीत आहे का?

जास्वंद

मूळचा कृष्णधवल. छपाईत उठून दिसावा म्हणून भाच्याने एका ॲपमधून स्वच्छ करून रंगवून दिला. ठिकाणासाठी तीच प्रत टाकली होती, कारण मूळ फोटो फार अंधुक आहे.

यंत्रमागे

मग तुमच्या ८७ टक्क्यांचा बराचसा उलगडा इथेच होतो.

कृष्णधवल फोटोत रंगाची माहिती नसतेच. रंगवणारं ॲप करड्या छटेकडे बघून असा दगड बहुतेक वेळा कुठल्या रंगाचा असतो याचा अंदाज बांधतं, आणि तेही अशाच गर्दीच्या फोटोंवर शिकलेलं. भारतातला नदीकाठचा घाट म्हटल्यावर त्याने काशीचा रंग दिला. पुढच्या ॲपने तो रंग पुरावा म्हणून वाचला आणि काशी म्हटलं. एका अंदाजावर दुसरा अंदाज बसला, आणि टक्के वाढले.

स्वच्छ करण्याचंही तेच. अंधुक भागात तपशील नसतात, ॲप ते स्वतःच्या कल्पनेने भरतं. मला तुमच्या ढगांबद्दल आणि गुळगुळीत शिखराबद्दल शंका आहे. मूळ कागदी फोटो भिंगाखाली धरा आणि त्या दोन जागा बघा. स्कॅन परत करणार असाल तर ६०० डीपीआयच्या पुढे ठेवा, सुधारणा-बिधारणा सगळं बंद, आणि कडा कापू नका.

कृष्णधवल

आमचा घरचा स्टुडिओ होता, वडिलांनी डार्करूममध्ये आयुष्य काढलं, त्यामुळे एक वेगळी शंका काढतो. जुन्या निगेटिव्हवरून प्रत काढताना फिल्म उलटी बसली तर फोटो आरशातल्यासारखा डावा-उजवा बदलतो. पाटी नसेल तर कोणाच्या लक्षात येत नाही, आणि मग नदी, देऊळ, सगळं उलट्या बाजूला जातं. ठिकाण ताडून बघणाऱ्याची पुरती दिशाभूल होते.

आम्ही ते कपड्यांवरून ओळखायचो. पुरुषाच्या कोटाचा वरचा खिसा त्याच्या स्वतःच्या डाव्या छातीवर असतो, म्हणजे फोटोत आपल्या उजव्या हाताला. बायकांचा पदर आपल्याकडे डाव्या खांद्यावर. फोटोत सगळ्यांचेच खिसे उलटीकडे गेलेले दिसले तर फिल्म उलटी. एकाचा असेल तर शिंप्याला विचारा. 🙂

जास्वंद

भिंग घेऊन बसले होते. कोटांचे खिसे बरोबर बाजूला आहेत, म्हणजे फोटो उलटा नाही.

यंत्रमागे, तुमची शंका खरी निघाली. ढग आहेत असं वाटलं तिथे मूळ फोटोत फिकट करड्या रंगाचा डोंगर आहे, वरून सपाट, टेबलासारखा. रंगवलेल्या प्रतीत त्याची कड विरघळून कापसासारखी झालीय. आणि शिखरावर कोनाडे आहेत, लहान लहान, थराथराने. नवीन प्रतीत त्यांच्या जागी नुसत्या उभ्या रेघा आहेत.

मूळ स्कॅन न रंगवता ॲपला दिला. आता म्हणतं नाशिक ४१ टक्के, वाराणसी २२, खाली महेश्वर आणि आणखी बरीच. वाई यादीत नाही.

कृष्णाकाठ

सपाट माथ्याचा डोंगर आणि कोनाड्यांचं चुनेगच्ची शिखर म्हटल्यावर आपण सह्याद्रीत आलो, पेशवाईच्या काळातल्या देवळात आलो. ॲप नाशिक म्हणतं कारण रामकुंडाचे फोटो रोज हजारोंनी पडतात. पण रामकुंडावर समोरचं एकच एक घर आणि झाडी कुठली.

माझं मत वाई. शिनेमावाल्यांनीही आमचे आणि मेणवलीचे घाट उत्तरेतली गावं म्हणून किती वेळा दाखवलेत. बिहार झालाय, उत्तर प्रदेश झालाय. तेव्हा यंत्राने काशी म्हटल्याचा मला राग नाही. लोकांनीच त्या घाटांचे फोटो उत्तरेच्या नावाने पसरवलेत.

रानवाटा

मेणवलीवरून आठवलं. तिथल्या घंटेचा जवळून काढलेला फोटो मी एकदा अशाच ॲपला दिला होता. त्याने गोव्यातलं चर्च सांगितलं.

कृष्णाकाठ

त्यात त्याचं काय चुकलं! घंटेवर मेरी आणि बाळ येशू कोरलेत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर पोर्तुगीजांच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत टांगल्या, त्यांतली ती एक. भीमाशंकरलाही आहे. वस्तू हलते, घाट हलत नाही. म्हणून मी नेहमी म्हणतो की डोंगराची कड बघा.

माहुलीकर

डोंगराची कड बघा म्हणता आणि लगेच वाई म्हणून मोकळे होता, हे पटलं नाही. सपाट माथ्याचे डोंगर साताऱ्याभोवती काय कमी आहेत? संगम माहुलीचा घाट विसरलात. कृष्णा-वेण्णेचा संगम, विश्वेश्वराचं देऊळ, तसंच शिखर, काळाच दगड. १९५८ साली सहल न्यायची तर साताऱ्याहून माहुली हाकेच्या अंतरावर.

आणि वाईत सभासदांनी फोटो काढला असता तर ढोल्या गणपतीसमोर काढला असता. ते देऊळ चुकवून फोटो काढायला वाईत कोण जाईल?

कृष्णाकाठ

माहुलीला समोरच्या काठावर क्षेत्र माहुली आहे, तिथेही देऊळ आहे. ताईंनी समोर झाडी आणि एक घर सांगितलंय, देऊळ नाही.

आणि वाईत घाट एकच नाही. गणपती घाट सोडून बाकीच्या घाटांवर ढोल्या गणपती चौकटीत येत नाही. आला असता तर प्रश्नच मिटला असता. सरदार रास्त्यांनी त्या देवळाची मागची भिंत पुराचं पाणी दुभंगावं म्हणून माशाच्या आकाराची बांधलीय, ती हजारात ओळखू येते.

माहुलीकर

कुठल्या कोनातून काढलाय त्यावर आहे. वरच्या बाजूला तोंड केलं तर समोरचं देऊळ येणारच नाही. ताई, फोटोच्या उजव्या कडेला काय आहे?

जास्वंद

उजव्या कडेला ओल लागून डाग पडलाय, बोटभर रुंदीचा. त्यात काही दिसत नाही. भाच्याच्या प्रतीत तिथे झाड आहे, पण ते ॲपने भरलंय हे आता कळतंय.

यंत्रमागे

ते झाड विसरून जा. डोंगराच्या कडेवर मात्र काम होण्यासारखं आहे. फोटोतली कड ट्रेसिंग पेपरवर उतरवा. मग उपग्रहाच्या नकाशात जमिनीजवळून तिरकं बघायची सोय असते, तिथे वाईचे घाट आणि माहुलीचा घाट अशा एकेका जागी उभं राहून तीच कड येते का बघा. डोंगर साठ-सत्तर वर्षांत बदलत नाही. नदीची पातळी मात्र धरू नका. १९७० च्या दशकात वर धोम धरण झालं, त्यामुळे आजचं पाणी आणि तेव्हाचं पाणी एक नाही.

एक अडचण आधीच सांगतो. या नकाशांतले डोंगर काहीसे गुळगुळीत असतात आणि जवळची झाडं-इमारती आडव्या येतात, त्यामुळे कड तंतोतंत बसणार नाही. दोन ठळक उंचवटे आणि त्यांच्यामधलं अंतर जुळलं तर पुष्कळ. तेही दोन्ही जागी थोडं थोडं जुळलं तर निर्णय होणार नाही.

कृष्णाकाठ

नकाशा कशाला, मी रविवारी घाटांवर फिरून फोटो काढून आणतो. ताई, ट्रेसिंगचा फोटो पाठवा.

माहुलीकर

मीही माहुलीचे आणतो. सकाळचे आणि संध्याकाळचे, दोन्ही. फोटोत सावल्या कुठल्या बाजूला पडल्यात तेही कळवा.

जास्वंद

ट्रेसिंग आज रात्री करते आणि दोघांना व्यनि करते. सावल्या माणसांच्या डाव्या हाताला पडल्यात, बऱ्यापैकी लांब.

तोवर मजकूर असा धरलाय, कुणाला खटकलं तर सांगा. पहिल्याखाली 'वाचनालयाची सहल, १९५८. कृष्णाकाठचा घाट, बहुधा वाई किंवा संगम माहुली'. दुसऱ्याखाली 'स्टुडिओतील छायाचित्र'. तिसऱ्याखाली 'वाचनालयाच्या १९८३ च्या दिनदर्शिकेवरील चित्र', ठिकाण नाही. आणि पहिल्याची मूळ, न रंगवलेली प्रतच छापणार.

कात्रणवही

पहिल्यात 'कृष्णाकाठचा' हेही अजून ठरलेलं नाही ना? कोनाडे आणि डोंगर यावरून सह्याद्री म्हणता येईल, नदी नाही. नीरा आहे, गोदावरीचा वरचा भाग आहे. शिक्का १९५८ चा म्हणालात, तो टपालाचा की स्टुडिओचा? स्टुडिओचा असेल तर गावाचं नाव अर्धवट तरी उमटलं असेल.

जास्वंद

स्टुडिओचा. गोल शिक्का, मधलं साल वाचता येतं, कडेची अक्षरं पुसलीत. शेवटचं 'रा' असावं.

माहुलीकर

सातारा!

कृष्णाकाठ

साताऱ्याचा फोटोग्राफर वाईलाही येत होता हो. आणि 'रा' वर संपणारी गावं बरीच आहेत. आधी ट्रेसिंग येऊ द्या.

कृष्णधवल

शिक्क्याचा कागद खिडकीत धरून मागून उजेड द्या, किंवा अंधारात बॅटरी अगदी आडवी धरा. शाई गेली तरी रबराचा दाब कागदावर राहतो. वडील जुन्या प्रतींचे शिक्के असेच वाचायचे. फोटो चुकूनही ओला करू नका.